आमची वाटचाल: कमिशन कुणाकडून घ्यायचं?

यंत्र बंद पडलं की कारखाना आमच्या प्लॅटफॉर्मवर कॉल टाकतो. नोंदणी केलेले तंत्रज्ञ त्यावर कोटेशन देतात आणि त्यांच्यापैकी एकाला काम मिळतं. दुरुस्ती आम्ही करत नाही. कारखान्याला योग्य तंत्रज्ञ आणि तंत्रज्ञाला काम वेळेत मिळवून देणं, हाच आमचा धंदा. एक बाजू रिकामी असेल तर दुसऱ्या बाजूला देण्यासारखं आमच्याकडे काहीच नसतं.

म्हणूनच सुरुवात फक्त एअर कॉम्प्रेसरपासून केली, तीही एकाच औद्योगिक वसाहतीत. एकूण नोंदणीचा आकडा फसवा असतो. 200 तंत्रज्ञ दहा प्रकारच्या यंत्रांत आणि वीस वसाहतींत विखुरले, तर प्रत्येक ठिकाणी प्रत्येक यंत्रासाठी सरासरी एकच माणूस राहतो. तो दुसऱ्या कामावर असला की कॉलला उत्तर येत नाही, आणि तो कारखाना पुन्हा फिरकत नाही. त्याउलट एकाच वसाहतीत कॉम्प्रेसरचे बारा जण असतील, तर कुणी ना कुणी मोकळा सापडतोच आणि तुलना करायला दोन-तीन कोटेशनही येतात. पण हे बाराचे चाळीस केले तर दुसरी बाजू दुखावते. कामं तेवढीच राहतात आणि वाटेकरी वाढतात. काम न मिळालेला तंत्रज्ञ नाव काढून टाकत नाही, फक्त कॉलकडे बघणं सोडतो. यादी फुगलेली दिसते आणि आतून पोकळ होत जाते. त्यामुळे दोन आकडे कायम शेजारी ठेवून पाहावे लागतात: किती टक्के कॉलना दोन तासांत कोटेशन आलं, आणि एका तंत्रज्ञाला महिन्यात किती कामं मिळाली.

आता कमिशनचा प्रश्न. समजा, बिलाच्या 12 टक्के आपल्याला लागतात. ते दोन्ही बाजूंकडून सहा-सहा टक्के घेतले तर महिन्याला 200 कॉल येतात आणि त्यातले 60 टक्के मार्गी लागतात, म्हणजे 120 कामं. कारखान्याला सगळं मोफत करून पूर्ण 12 टक्के तंत्रज्ञाकडून घेतले, तर काही तंत्रज्ञ सोडून जातात आणि मार्गी लागण्याचं प्रमाण 55 टक्क्यांवर येतं. पण कॉल 300 होतात, म्हणजे 165 कामं. उलट केलं, सगळा भार कारखान्यावर टाकला, तर तंत्रज्ञ भरपूर मिळतात आणि 75 टक्के कॉल मार्गी लागतात. मात्र कॉलच 100 येतात, म्हणजे कामं 75. तिन्ही वेळा एकूण कमिशन 12 टक्केच आहे. बदलली ती फक्त वाटणी. जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी 2003 च्या त्यांच्या शोधनिबंधात दुहेरी बाजाराची, म्हणजे दोन वेगळ्या बाजूंना जोडून देणाऱ्या धंद्याची, खूण हीच सांगितली: दोन्ही बाजूंकडून मिळून घेतली जाणारी रक्कम तीच ठेवून वाटणी बदलली तरी उलाढाल बदलते.

स्वस्त कोणती बाजू ठेवायची? फीमुळे जी लवकर बिथरते आणि जिच्या येण्याने दुसरी बाजू ओढली जाते, ती. ती ग्राहकाचीच असते असं नाही. पीडीएफच्या बाबतीत अडोबीने वाचण्याचं सॉफ्टवेअर मोफत दिलं आणि फाइल तयार करण्याच्या सॉफ्टवेअरला पैसे लावले. वाचणारे सगळीकडे असल्याशिवाय तयार करणाऱ्याने पैसे कशाला मोजावेत?

वरच्या हिशोबात एक अट दडलेली आहे. तंत्रज्ञाने 12 टक्के आपल्या कोटेशनमध्येच चढवले, तर कारखान्याला ‘मोफत’ म्हणण्यात अर्थ उरत नाही. कागदावर वाटणी बदलते, खिशात तीच राहते. हे ओळखायला तंत्रज्ञ त्याच कामाचा बाहेर काय भाव घेतो आणि आपल्याकडे काय कोटेशन देतो, ते ताडून बघायचं. आपल्याकडचे भाव कमिशनएवढेच चढे निघाले, तर वाटणीशी खेळून हाती काही लागत नाही. अशा वेळी एकूण कमिशन कमी करावं लागतं. एका कॉलवर तीन-चार कोटेशन येत असतील तर भार पुढे ढकलणं तंत्रज्ञाला अवघड जातं. सुरुवातीला एकाच वसाहतीत दाटी करण्याचा दुसरा फायदा हा.

सगळ्यात चिवट दुखणं मात्र गळतीचं. पहिल्या कामानंतर दोघांकडे एकमेकांचे नंबर असतात, मग दुसऱ्या कामाचं कमिशन कशाला द्यायचं? फोन नंबर दिल्यावर लगेच रद्द होणारी बुकिंग आणि चांगला शेरा देऊनही परत न येणारा कारखाना, या दोन खुणा दिसल्या की काम बाहेर होतंय असं समजावं. नंबर लपवून हे थांबत नाही. नव्या जोडीला पूर्ण कमिशन, त्याच जोडीच्या पुढच्या कामांना बरंच कमी, आणि दुरुस्तीची हमी फक्त आमच्या प्लॅटफॉर्मवरून झालेल्या कामाला, असं केल्याने गळती कमी होते. तेही अचानक उद्भवणाऱ्या बिघाडांपुरतंच. दर महिन्याच्या ठरलेल्या देखभालीत माणूस शोधायचाच नसतो, त्यामुळे तिथे कमिशन टिकत नाही. त्या कामांना आम्ही कमिशन न लावता वेळापत्रक, आठवण आणि नोंदी ठेवण्याची ठरावीक मासिक फी लावतो, आणि ती कारखान्याकडून घेतो.