बेरीज शून्य, सायकल मात्र ७०२

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी घणसोलीच्या रूमवर बसून व्हेरिलॉगमध्ये रिस्क-फाइव्हचा पाच टप्प्यांच्या पाइपलाइनचा प्रोसेसर लिहीत होतो: फेच, डीकोड, एक्झिक्यूट, मेमरी, राइटबॅक. प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत ठेवला होता. ती एका सायकलमध्ये उत्तर द्यायची, पण तिला पोर्ट एकच. म्हणजे एका सायकलमध्ये एकच पत्ता विचारता येणार.

टेस्ट साधी होती. १०० आकड्यांची बेरीज. `lw` मेमरीतून एक आकडा आणते, `add` तो बेरजेत मिळवते, `bne` परत वर उडी मारते.

```
loop: lw   t0, 0(a0)
      addi a0, a0, 4
      addi a2, a2, -1
      add  t1, t1, t0
      bne  a2, x0, loop
```

सगळे आकडे १९ ठेवले, कारण माझा रोल नंबर १९. उत्तर १९०० यायला हवं होतं, आलं शून्य. आणि वेळ? कागदावर काढली होती तेवढीच. ५०० इन्स्ट्रक्शन, प्रत्येक यशस्वी उडीमागे वाया जाणाऱ्या दोन सायकल म्हणजे १९८, आणि पाइपलाइन भरायच्या ४, एकूण ७०२. वेळ इतकी चोख आल्यामुळे मी सगळा दोष फॉरवर्डिंगवर, म्हणजे एका इन्स्ट्रक्शनचं उत्तर रजिस्टरात पोचण्याआधीच पुढचीला देणाऱ्या वायरिंगवर, ढकलला आणि तिथेच दोन रात्री घालवल्या.

वेव्हफॉर्ममध्ये `add` च्या जागी `00000013` दिसत होतं. ते `addi x0, x0, 0`, म्हणजे नॉप. पाइपलाइन थांबवायची, म्हणजे स्टॉलची, वेळ आली की माझं हॅझर्ड युनिटही रिकामी जागा, म्हणजे बबल, म्हणून हेच टाकायचं, म्हणून त्याकडे पाहून मला काहीच खटकलं नाही. रविवारी ठाण्याला ताईकडे गेलो. ती चिप व्हेरिफिकेशनमध्ये आहे. लॅपटॉप बघून तिने एवढंच विचारलं, "हा बबल तूच टाकलायस ना? मग स्टॉलची लाइन वर का गेली नाही?"

मी गप्प. मग ती म्हणाली, "डेटा बदलून बघ." पहिला आकडा ५१ केला. पहिल्या फेरीत `add` च्या जागी `00000033` आलं. हेक्समध्ये १९ म्हणजे 13 आणि ५१ म्हणजे 33. माझा प्रोसेसर ॲरेतला आकडा इन्स्ट्रक्शन समजून चालवत होता!

कसं, ते आता सरळ दिसलं. `lw` पहिल्या सायकलला फेच होते आणि चौथ्या सायकलला मेमरी टप्प्यात पोचते. त्याच चौथ्या सायकलला तिच्या मागून तिसरी, म्हणजे `add`, फेच व्हायची असते. दोघींना पोर्ट हवं. दोन पत्त्यांतून एक निवडणाऱ्या माझ्या मक्सने पत्ता `lw` चा दिला, पण फेचला हे कुणी कळवलंच नाही. त्याने समोर आलेला शब्द उचलला आणि पीसी, म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता, पुढे सरकवला. पोर्ट एकच असलं की असा स्ट्रक्चरल हॅझर्ड प्रत्येक लोड आणि स्टोअरला येणारच, त्यात रजिस्टरांच्या अवलंबनाचा संबंध नाही, त्यामुळे फॉरवर्डिंग इथे उपयोगाचं नाही.

घाईत मी पोर्टचा पहिला मान फेचला दिला. पाइपलाइन जागीच गोठली. फेचला तर दर सायकलला पोर्ट हवंच असतं, मग `lw` चा नंबर लागणार कधी? आणि ती हलल्याशिवाय मागचं कुणी हलत नाही. मान जुन्या इन्स्ट्रक्शनलाच द्यावा लागतो. मेमरी टप्प्यात लोड किंवा स्टोअर असेल तर पीसी धरून ठेवायचा आणि डीकोडकडे बबल पाठवायचा. बेरीज बरोबर आली, सायकल ८०२ झाल्या. दर फेरीत एक `lw`, दर `lw` ला एक सायकल.

ते शंभर परत मिळवायला मी मेमरीपुढे छोट्या, जलद कॅश दोन लावल्या, एक इन्स्ट्रक्शनची, एक डेटाची, प्रत्येकीला स्वतःचं पोर्ट. चौथ्या सायकलला `lw` डेटा कॅशला विचारते, `add` इन्स्ट्रक्शन कॅशमधून येते, स्टॉल उरत नाही. मागची मेमरी मात्र अजून एकच, आणि आता मुद्दाम संथ केलेली: हवा तो शब्द कॅशमध्ये नसला, म्हणजे मिस झाला, की सगळी पाइपलाइन दहा सायकल थांबणार.

निकाल ९७२! ८०२ पेक्षा वाईट. मी वैतागून ताईला फोन केला. तिने लाइन मोजायला लावल्या. कॅश मेमरीतून एका वेळी आणते तो तुकडा म्हणजे एक लाइन, १६ बाइटची. ४०० बाइट डेटा म्हणजे २५ लाइन, लूपचे २० बाइट म्हणजे २. एकूण २७ मिस, २७० सायकल. ७०२ अधिक २७०. "तुझे ८०२ हे एका सायकलमध्ये उत्तर देणाऱ्या मेमरीचे आहेत. तशी मोठी मेमरी तुला कोण देणार? एक पोर्टाची एकच कॅश लावून बघ."

लावली. १०७२. मिस तेवढेच २७, वर तेच शंभर स्टॉल.

दोन्ही कॅश एकाच सायकलला मिस झाल्या तर मागच्या मेमरीपाशी भांडण पुन्हा उभं राहतं, तिथे आधी कुणाचा नंबर ते ठरवणारा आर्बिटर मी ठेवला आहे. या लूपमध्ये तशी वेळ एकदाही आली नाही. टेस्टमधले आकडे आता १९ ठेवत नाही.