सूचीत 'क', मला 'अ'

"मॅडम, फोटोत खाली उत्तर छापलेलं दिसतच असतं. तरी 'माझं जुळत नाही' असं लिहून कशाला पाठवता? मुलं आणखी गोंधळतात."

मुलं अडलेल्या गणितांचे फोटो पाठवतात आणि मी ती सोडवून देते, त्यावरून मला हे ऐकावं लागतं. गोंधळतात, मान्य आहे. पण एकदा मी जुळवून देऊन पाहिलंय. त्याची गोष्टच सांगते.

रात्री उशिरा एका मुलाने गणिताचा फोटो पाठवला होता. पान तिरकं, एका कोपऱ्यावर अंगठ्याची सावली, आणि तळाशी बारीक अक्षरात उत्तरांची ओळ, म्हणजे उत्तरसूची. गणित असं: मनोऱ्याच्या टोकावरून एक दगड सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. तो ५ सेकंदांनी जमिनीवर पडला. मनोऱ्याची उंची किती? g चं मूल्य १० धरायचं होतं. पर्याय चार: अ) २५ मीटर, ब) १२५ मीटर, क) २२५ मीटर, ड) ४५ मीटर. तळाच्या ओळीत लिहिलं होतं, '१४ – क'.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: s = ut + ½at². खालची दिशा धन धरली, तर दगड वर फेकल्यामुळे सुरुवातीचा वेग उणे २०. पाच सेकंदांत उणे १००, गुरुत्वाकर्षणामुळे अधिक १२५. उत्तर २५ मीटर, म्हणजे पर्याय 'अ'.

मी त्या रात्री इथे थांबले नाही. फोटो उघडताना नजर आधी तळाच्या ओळीवर गेली होती, 'क' डोक्यात बसला होता आणि उत्तराची वाट बघणारी बरीच मुलं रांगेत होती. २५ आल्यावर माझा पहिला विचार, "मीच कुठेतरी चुकले." मग हात आपसूक २२५ कडे वळला. "वेग आणि त्वरण एकाच दिशेत धरू" असं एक वाक्य लिहिलं, उणे चिन्हाचं अधिक केलं, १०० आणि १२५ ची बेरीज केली आणि पाठवून दिलं. दिसायला सगळं नीटनेटकं. पायऱ्या होत्या, सूत्र होतं, शेवटी चौकटीत उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा एका ओळीचा निरोप: "मॅडम, मग दगड वर गेला कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याला गणित येत होतं. त्याचं २५ च आलं होतं, म्हणूनच त्याने फोटो पाठवला होता. आणि मी त्याचं बरोबर उत्तर माझ्या हाताने चुकवलं होतं, तेही कारणासकट. नुसतं 'क' लिहून पाठवलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. खोटी पायरी जास्त वाईट, कारण पुढच्या गणितात तो तीच वापरणार.

तेव्हापासून फोटो आला की उत्तराची ओळ आधी झाकते. फोनवर फोटो खाली सरकवला की ती दिसेनाशी होते, एवढंच करायचं असतं. गणित स्वतः सोडवायचं, उत्तर कागदावर लिहायचं आणि मगच सूचीकडे बघायचं. क्रम उलटा झाला की आपण सोडवत नाही, वाट शोधत बसतो.

आणि जुळलं नाही, तर सूचीवर खापर फोडण्याआधी पहिला संशय स्वतःच्या वाचण्यावर. फोटोत दशांशचिन्ह पुसट होतं, उणे चिन्ह पानाच्या घडीत जातं, घातांक शेजारच्या अंकाला चिकटतो. सगळ्यात जास्त फसवते ती कापलेली वरची कड. याच गणितात समजा पानाच्या माथ्यावर 'g = 9.8 घ्या' अशी सूचना असती आणि ती फोटोत आली नसती, तर उत्तर साडेबावीस मीटर आलं असतं आणि मी माझे २५ घेऊन उगाच भांडत बसले असते. असं माझ्याबाबतीत झालंयही. एकदा 'प्रश्न १२ ते १५ साठी' दिलेला अख्खा परिच्छेद फोटोबाहेर राहिला होता आणि मी सूची चुकीची म्हणून मोकळी झाले होते. पूर्ण पानाचा फोटो मागवला तेव्हा माफी मागावी लागली. आता वाद दिसला की पहिला निरोप हाच: "पूर्ण पान पाठव, वरची ओळ दिसू दे." तळाची ओळ त्याच स्वाध्यायाची आहे का, की मागच्या पानावरच्या स्वाध्यायाची, हेही तेव्हाच कळतं. वापरलेल्या पुस्तकात पर्यायावर पेन्सिलीची खूण असते, ती तर सूची नसतेच. ती आधीच्या मालकाची समजूत.

वाचणं पक्कं झालं की दुसऱ्या वाटेने तेच गणित. पहिल्याच वाटेने पुन्हा गेलं तर पहिलीच चूक पुन्हा होते. इथे सूत्र बाजूला ठेवून दगडाबरोबर चाला. वेग २०, दर सेकंदाला १० ने कमी होतो, म्हणजे २ सेकंदांनी दगड क्षणभर थांबतो. तोवर तो मनोऱ्याच्या टोकापासून २० मीटर वर गेलेला असतो. उरलेल्या ३ सेकंदांत तो ४५ मीटर खाली पडतो. त्यातले २० टोकापर्यंत परत यायला गेले. राहिले २५. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या.

यापुढची पायरी मला फार आवडते आणि ती बरेच जण करत नाहीत. सूचीचं उत्तर खरं धरायचं आणि ते गणितात घालून बघायचं. मनोरा २२५ मीटर उंच आहे, दगड २० च्या वेगाने वर फेकलाय, तर जमिनीवर कधी पडेल? समीकरण सोपं होऊन असं उरतं:

t² − 4t − 45 = 0

याच्या उकली दोन, ९ आणि उणे ५. म्हणजे दगड ९ सेकंदांनी पडेल. गणितात तर ५ दिलेत, तेव्हा छापलेल्या प्रश्नाला २२५ चालत नाही, हे तिथेच ठरलं. पण आपण सवयीने खोडून टाकतो ती उणे ५ ची उकल जरा बघा. तोच मनोरा, तोच वेग, पण दगड खाली फेकला, तर तो बरोबर ५ सेकंदांत जमिनीवर येतो. १०० अधिक १२५, दोनशे पंचवीस. सूचीतलं उत्तर वाटेल ते नव्हतं. ते दुसऱ्याच एका प्रश्नाचं अचूक उत्तर होतं.

पर्याय बारकाईने पाहिले तरी हे लक्षात येतं. १२५ येतं ते दगड नुसता सोडला तर. ४५ येतं ते सर्वोच्च बिंदूपासूनचं अंतर उंची म्हणून धरलं तर. प्रत्येक पर्यायामागे कुणीतरी विचार करून ठेवलेली एक चूक आहे. म्हणून सूची चुकीची वाटली की मी 'कोणती चूक केली तर हे उत्तर येईल' हे शोधते. सापडलं तर माझ्या उत्तरावरचा विश्वास वाढतो. कशानेच येत नसेल तर शेजारची गणितं तपासते: तेरावं, पंधरावं. तीही जुळत नसतील आणि प्रत्येकाचं उत्तर एक घर पुढे सरकलेलं दिसलं, तर छापताना ओळ घसरलेली असते. या पानावर तेरा आणि पंधरा बरोबर होते. म्हणजे गडबड होती ती चौदातच.

इथवर आल्यावर मी त्याला परत लिहिलं. तो निरोप अजून माझ्याकडे आहे:

"काल मी दिलेली पायरी चूक होती, ती खोड. पानावर 'वर फेकला' असं छापलंय, त्याप्रमाणे उंची २५ मीटर, पर्याय अ. दोन रीतींनी तपासलं. सूचीत क आहे, म्हणजे २२५. प्रश्नात 'खाली फेकला' असतं तर २२५ बरोबर आलं असतं. प्रश्नातला शब्द चुकलाय की सूची, हे या फोटोवरून मला सांगता येत नाही."

शेवटच्या वाक्याला लोक कचरतात. 'सूची चुकीची आहे' म्हणणं ऐकायला ठाम वाटतं, पण तेवढं मला कुठे माहीत होतं? छापलेला प्रश्न आणि छापलेलं उत्तर एकत्र नांदू शकत नाहीत, इतकंच मी सिद्ध केलं होतं. चूक कुणाकडे, हा वेगळा प्रश्न, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

मोठ्या परीक्षाही यातून सुटत नाहीत. अमेरिकेतल्या सॅट या परीक्षेत १९८२ साली एक प्रश्न होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, ते मोठ्याभोवती घरंगळत पुन्हा सुरुवातीच्या जागी येतं, तर स्वतःभोवती किती फेरे होतात? सूचीत ३. खरं उत्तर ४, आणि ते पर्यायांत नव्हतंच. परिघांचा भागाकार केला की ३ येतात. पण वाटच गोल असल्यामुळे एक फेरा जास्त पडतो. पटत नसेल तर दोन सारखी नाणी घ्या, एक स्थिर धरा आणि दुसरं न घसरता त्याच्याभोवती फिरवा. नाण्यावरचा छाप एकदा नाही, दोनदा सरळ होतो. सुमारे तीन लाख मुलांनी ती परीक्षा दिली होती. तिघांनी लिहून कळवलं आणि तो प्रश्न गुणांतून काढावा लागला. त्या तिघांनी जवळचा पर्याय निवडून गप्प बसायचं ठरवलं असतं, तर सूची तशीच राहिली असती.

मुलगा मात्र माझ्या निरोपावर खूश नव्हता. "म्हणजे मी वहीत काय लिहू?" म्हणाला. मी म्हटलं, २५ लिही, पायऱ्यांसकट, आणि समासात लिही की सूचीत २२५ आहे. त्याला ते अर्धवट वाटलं असावं. दोन-तीन दिवस काहीच आलं नाही.

मग एक फोटो आला. त्याच्या मित्राकडे त्याच पुस्तकाची जुनी आवृत्ती होती. तेच पान, तेच चौदावं गणित, तेच चार पर्याय, तळाशी तोच 'क'. फक्त दगड 'सरळ खाली फेकला' होता. नव्या आवृत्तीत कुणीतरी प्रश्न बदलला होता आणि सूची बदलायची राहून गेली होती.

फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "मॅडम, एकवीसमध्येही शब्द बदललाय. सूची बघितली नाहीये अजून. आधी सोडवतो."