जिन्यातला स्पीकर

आज सोसायटीच्या बोर्डावर मी लिहिलेली नोटीस लागली : लिफ्ट, जिना, लॉबीत फोन स्पीकरवर ठेवू नये.

कारण परवाचं. तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी फोन चालू होता आणि पलीकडची बाई रडत रडत आपला तपासणीचा रिपोर्ट वाचून दाखवत होती. जिन्यात नुसत्या भिंती आणि फरशी, आवाज शोषणारं काहीच नाही. तळमजल्यावर मला शब्द न् शब्द ऐकू आला. तिला बिचारीला पत्ताही नव्हता!

म्हणून "त्रास होतो" एवढ्यावर न थांबता "पलीकडच्याचं खासगी बोलणं सगळ्यांना ऐकू जातं" असं मुद्दाम लिहिलं. एका आजोबांना स्पीकरशिवाय ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी "अडचण असल्यास घरात जाऊन बोलावं" ही ओळ वाढवली. संध्याकाळी लिफ्टपाशी त्यांचाच फोन वाजला. "थांब गं, घरात जाऊन लावतो," म्हणाले.