बाटली तापली, पण कशामुळे? हरितगृह प्रयोगाची नोंदवही

११ जानेवारी

भाचीच्या नववीच्या प्रकल्पातून हे काम माझ्याकडे आलं. तिने दोन लिटरच्या दोन पारदर्शक कोल्ड्रिंकच्या बाटल्या घेऊन दोन्हींच्या तळाशी काळा कागद घातला. एका बाटलीत नुसती हवा ठेवली आणि दुसरीत खायचा सोडा व व्हिनेगर टाकलं. तोंडात कापसाचा बोळा आणि बोळ्यातून आत गेलेलं थर्मामीटर. अर्धा तास उन्हात ठेवल्यावर हवेच्या बाटलीत ३९.८ अंश आणि कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीत ४२.६ अंश. तिने निष्कर्ष लिहूनही टाकला होता: ‘कार्बन डायऑक्साइडने अवरक्त किरण शोषले, म्हणून दुसरी बाटली जास्त तापली.’

वाक्य नेहमीचंच आहे. पण त्यातला पूर्वार्ध तिने मोजलाच नव्हता. तिने मोजलं होतं ते एवढंच, की एक बाटली जास्त तापली. ‘म्हणून’च्या दोन बाजू खरंच जोडलेल्या आहेत का, हे बघायचं आम्ही ठरवलं.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी होती, आकाश स्वच्छ होतं, गच्चीवर पतंगवाल्या मुलांची गर्दी. पाण्याच्या टाकीमागचा कोपरा आम्हाला मिळाला.

आधी थर्मामीटरच तपासले. फिश टँकसाठी मिळतात ते, तारेच्या टोकाला सेन्सर असलेले तीन डिजिटल थर्मामीटर आहेत. ते ०.१ अंशापर्यंत आकडा दाखवतात, पण एवढ्या बारीक आकड्याइतके ते अचूक असतात असं नाही. तिन्ही सेन्सर रबरबँडने एकत्र बांधून बर्फाच्या चुऱ्यात बुडवले, तर एकाने ०.४ दाखवलं, दुसऱ्याने ०.०, तिसऱ्याने –०.३. कोमट पाण्यातही फरक जवळपास तेवढाच राहिला. म्हणून प्रत्येकाची दुरुस्ती चिकटपट्टीवर लिहून त्याच्याच तारेला लावली.

मग तिसरी तशीच बाटली घेऊन कोरी फेरी घेतली, म्हणजे तिन्ही बाटल्यांत फक्त हवा. अर्ध्या तासाने, दुरुस्ती करूनही, आकडे आले ४०.१, ४१.४ आणि ४०.३. तिन्हींत एकच हवा असताना १.३ अंशांचा फरक! भाचीला मिळालेल्या फरकाचा जवळजवळ अर्धा भाग गॅसशिवायच निघाला.

कारण शोधायला तासभर गेला. मधल्या बाटलीतला सेन्सर काळ्या कागदाला टेकला होता, म्हणजे तो कागदाचं तापमान सांगत होता. शिवाय ती बाटली कठड्याच्या आडोशाला होती आणि तिला वारा कमी लागत होता. तिन्ही सेन्सर आता तळापासून दहा सेंटीमीटरवर लटकवले आहेत आणि प्रत्येकावर चॉकलेटच्या चांदीची छोटी टोपी बसवली आहे. ती नसेल तर ऊन थेट सेन्सरवर पडतं आणि आतल्या गॅसऐवजी सेन्सरचं धातूचं टोकच किती तापलं ते आपण मोजत बसतो. बाटल्या उघड्यावर एका फळीवर, एकमेकींपासून वीतभर लांब ठेवल्या. पुढच्या कोऱ्या फेरीत फरक ०.३ वर आला. याहून कमी फरकाला आम्ही यापुढे फरक म्हणणार नाही.

१९ जानेवारी

गॅस भरायची पद्धत बदलली. सोडा आणि व्हिनेगर त्याच बाटलीत टाकलं की तळाशी पाण्याचा थर साचतो. हवेच्या बाटलीत तो नसतो, त्यामुळे तुलना तिथेच बिघडते. ती प्रक्रिया उष्णता ओढून घेते, म्हणून बाटली सुरुवातीला गारही पडते. त्यात पाण्याची वाफ स्वतःच हरितगृह वायू आहे.

म्हणून गॅस वेगळ्या बाटलीत तयार केला. २० ग्रॅम खायचा सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधला आणि १७ ग्रॅम लिंबूफूल पाण्यात विरघळवलं. पुडी आत टाकून झाकण लावेपर्यंत कागद भिजत असतो, तेवढा वेळ मिळतो. झाकणातून एक्वेरियमची नळी काढून ती एम-सीलने बसवली आहे. (ही नळी चुकूनही बंद ठेवू नका, बाटली फुटेल.) नळी मधे सिलिका जेलच्या खड्यांतून जाते आणि दुसऱ्या बाटलीच्या थेट तळाशी उतरते. एवढ्या सोड्यातून पाच-साडेपाच लिटर गॅस निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळापासून वर चढतो आणि हवेला तोंडातून बाहेर ढकलतो. पेटती उदबत्ती तोंडाशी धरली आणि तिचं टोक काळं पडलं की बाटली भरली. त्यानंतर तिन्ही बाटल्या पंधरा मिनिटं सावलीत, एका तापमानाला येईपर्यंत.

२५ जानेवारी

आता मुख्य गोष्ट, तिसरी बाटली. तिच्यात अरगॉन भरायचा. तो अवरक्त किरण शोषत नाही, कारण त्याचे अणू सुटे असतात. कंप पावून उष्णतेचे किरण पकडायला लागणारी रेणूची जोडणीच त्यात नाही. बाकी मात्र तो कार्बन डायऑक्साइडचा जवळचा भाऊबंद आहे. खोलीच्या तापमानाला एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅम भरते, अरगॉन १.६६ आणि कार्बन डायऑक्साइड १.८४. उष्णतेचं वहन दोघेही हवेच्या साधारण दोन-तृतीयांशच करतात.

म्हणजे अंदाज सरळ बांधता येतो. वाढ किरण शोषल्यामुळे होत असेल, तर अरगॉनची बाटली हवेच्या बाटलीसारखी वागेल. ती कार्बन डायऑक्साइडसारखी वागली, तर कारण दुसरंच आहे.

ही कल्पना माझी नाही. २०१० साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये वॅगनर, लिऊ आणि टोबिन यांनी शाळेतल्या याच प्रयोगाची अशी परीक्षा घेतली होती. आम्हाला ती आपल्या बाटल्यांवर बघायची होती.

अरगॉन स्टीलचे जिने-ग्रिल बनवणाऱ्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळाला. टिग वेल्डिंगला तो शुद्ध लागतो. काही वर्कशॉपमध्ये मात्र अरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण असलेली सिलिंडर असतात, तेव्हा विचारूनच घ्या, नाहीतर सगळी तुलना वाया जाईल. त्यांनी प्रवासातल्या हवेच्या उशीत गॅस भरून दिला. घरी उशी दाबून, नळी तळाशी ठेवून, तो बाटलीत सोडला. सिलिंडरला भाचीला हात लावू दिला नाही आणि गॅस गच्चीवरच हाताळला. बंद खोलीत अरगॉन साचला तर माणूस गुदमरतो, आणि त्याला वास नसतो.

२ फेब्रुवारी

चार दिवस, चार फेऱ्या. दर फेरीला बाटल्यांच्या जागा बदलल्या आणि थर्मामीटरही आलटून पालटून लावले. तोंडाला भाचीने लावला होता तसाच कापसाचा बोळा. अर्ध्या तासातल्या वाढीची सरासरी अशी आली: हवा १४.२ अंश, कार्बन डायऑक्साइड १६.९, अरगॉन १६.७.

शेवटचे दोन आकडे आमच्या ०.३ च्या मर्यादेत एकच आहेत.

भाची वहीकडे बघत राहिली. ‘मामा, म्हणजे माझा प्रयोग चुकला?’

‘प्रयोग नाही चुकला. बाटली जास्त तापते हे तुझं निरीक्षण आजही खरं निघालं. त्याचं कारण आपण न मोजता लिहिलं होतं.’

मग कारण काय? बोळा असला तरी तोंड तसं उघडंच असतं. हवेच्या बाटलीत तळाची हवा तापली की वर चढते, बाहेर निसटते आणि गार हवा आत येते. हे अभिसरण सतत चालू असतं. जड गॅस मात्र तापूनही बाहेरच्या हवेपेक्षा जडच राहतो, म्हणून बाटलीत बसून राहतो. शिवाय तो बाजूच्या भिंतींकडे उष्णता हळू पोचवतो. हे पडताळायला दोन फेऱ्या तोंडं प्लॅस्टिसिनने पक्की बंद करून घेतल्या. हवेची बाटली लगेच वर आली: हवा १६.०, कार्बन डायऑक्साइड १७.१, अरगॉन १७.०. निम्म्याहून जास्त फरक निसटणाऱ्या हवेचा होता.

किरणशोषण इथे का दिसत नाही, हेही आम्ही धरून बसलो. तापलेला काळा कागद अवरक्त किरण सोडतो हे खरं. पण बाटलीचं प्लॅस्टिकच त्यातले बरेचसे शोषतं, आत कुठलाही गॅस असो. आणि गॅसचा थर आहे तरी केवढा? आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून समुद्रसपाटीच्या दाबाने पसरला, तर तीन मीटरांहून थोडा जास्त जाड थर होईल. बाटलीत जेमतेम पाव मीटर आहे. वातावरणात तर वर जावं तसं थंड होत जातं. कार्बन डायऑक्साइड वाढला की अवकाशात निसटणारी उष्णता आणखी वरच्या, आणखी थंड थरातून निघते, म्हणून कमी निघते आणि खालचं तापमान वाढतं. बाटलीत हा उंचीचा उतारच नाही.

अमेरिकन संशोधक युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्या उन्हात ठेवून हाच प्रयोग केला होता. साध्या हवेत १०६ अंश फॅरेनहाइट आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये १२५ अंश. वातावरणात हा वायू जास्त असेल तर पृथ्वी जास्त उबदार असेल, हेही त्यांनी तेव्हाच लिहिलं. पण काच अवरक्त किरण अडवते, त्यामुळे त्यांच्या नळकांड्यांनाही आमच्या बाटल्यांचीच अडचण होती. १८५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी नळीच्या दोन्ही टोकांना सैंधवाच्या तावदानी चकत्या बसवल्या, कारण त्यातून उष्णतेचे किरण आरपार जातात. त्यांनी तापमानाऐवजी गॅसमधून पार झालेले किरणच मोजले, आणि शोषण तिथे सुटं दिसलं.

८ फेब्रुवारी

अहवाल पूर्ण झाला. दोन पानांचा आहे. उद्देशात ‘हरितगृह परिणाम सिद्ध करणे’ खोडून भाचीने ‘वेगवेगळे वायू भरलेल्या बाटल्या उन्हात किती तापतात ते मोजणे आणि त्याचे कारण तपासणे’ असं केलं. कोऱ्या फेरीचे आकडे निरीक्षणांच्या अगदी वर आहेत, म्हणजे पुढचा प्रत्येक फरक वाचणाऱ्याला त्यांच्याशी ताडता येईल. सगळ्या फेऱ्यांचे सुटे आकडे तक्त्यात आहेत, सरासरी शेवटी. निष्कर्ष तिच्याच शब्दांत देतो:

‘कार्बन डायऑक्साइडची बाटली हवेच्या बाटलीपेक्षा २.७ अंश जास्त तापली. अरगॉन अवरक्त किरण शोषत नाही, तरी त्याची बाटलीही २.५ अंश जास्त तापली. म्हणून या वाढीचे मुख्य कारण किरणांचे शोषण नसून जड वायूमुळे कमी झालेले अभिसरण आणि वहन हे आहे. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो हे टिंडल यांच्या प्रयोगातून माहीत आहे, पण आमच्या बाटलीत तो परिणाम ०.३ अंशापेक्षा कमी असल्यामुळे मोजता आला नाही.’

यानंतर बाटली सोडून खोक्यांकडे वळतोय. थर्माकोलची दोन सारखी खोकी, आत काळा पत्रा, एकावर काच आणि दुसऱ्यावर पातळ पॉलिथिन. अभिसरण दोन्हींत बंद, पण पॉलिथिनमधून अवरक्त किरण बाहेर जातात आणि काचेतून जात नाहीत. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली ठेवून कुठला पत्रा जास्त गार होतो ते बघायचंय. काच कापून आणली आहे, आता ढग नसलेली रात्र हवी.