तुम्ही विचारलंत म्हणून: तुळस आणि पानओवा

"तुळशीला चार पानं आली की लगेच मंजिरी, आणि पानओवा नुसता लांबच लांब. कायम पानं मिळतील असं काय करायचं?"

कात्री जरा लवकर हातात घ्यायची. तुळशीचं बी रुजवलं तर ही सवय पहिल्यापासून लागते. बी बारीक असतं, खोल गेलं तर वर येत नाही. ओल्या मातीवर भुरभुरायचं, वरून जेमतेम झाकेल एवढीच माती. उबेत आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की एकेक रोप वेगळ्या कुंडीत.

रोप वीतभर झालं, समजा सहा जोड्या आहेत, की शेंडा खुडायचा. मी खालून चौथ्या जोडीच्या किंचित वर कापते. त्या जोडीच्या दोन्ही बगलांत डोळे दबून असतात, शेंडा गेला की ते फुटतात आणि एकाच्या दोन फांद्या होतात. त्यांवर तीन-तीन जोड्या आल्या की दुसऱ्या जोडीच्या वर पुन्हा काप. फांद्या चार होतात आणि खुडलेले शेंडे ही आपली पानं. सुटी मोठी पानं तोडत बसलात तर झाड उंच आणि बोडकं होत जातं.

मंजिरीचंही तेच. ज्या शेंड्याला ती येते तिथली नवी पानं थांबतात. म्हणून नुसती मंजिरी चिमटायची नाही, खालच्या एका जोडीसकट काढायची. बी हवं असेल तर एकच मंजिरी वाळू द्या. एक चूक मी केली आहे: म्हातारी तुळस 'नव्याने फुटेल' म्हणून पार खाली, पानं नसलेल्या खोडापर्यंत छाटली. ती फुटलीच नाही. हिरवी पानं मागे ठेवून, एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काढू नये.

पानओव्याचं बी शोधू नका. मसाल्याचा ओवा पेरून बघणारे भेटतात. त्याला शेपूसारखी बारीक पानं येतात, कारण ते झाडच वेगळं, वास तेवढा सारखा. पानओवा फांदीवरून लावायचा. बोटभर लांब शेंडा घ्या, खालची पानं काढा आणि एक दिवस सावलीत तसाच पडू द्या. दांडा रसाळ असतो, ओली जखम मातीत गेली की कुजतो. मग ओलसर, भुसभुशीत मातीत खोचा. दोनेक आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडला तर मुळं धरली.

पुढे पाणी वरची माती सुकल्यावरच. बुंधा काळा, मऊ पडला तर ते रोप वाचवायच्या फंदात न पडता वरचे निरोगी शेंडे कापून लावा. तो नुसता लांबतोय, पेरं दूरदूर पडताहेत, म्हणजे उजेड कमी आहे. कुंडी उजेडात सरकवा, मग फांद्या निम्म्यावर छाटा. छाटलेल्या तुकड्यांतले दोन-तीन त्याच कुंडीत कडेने खोचून ठेवते मी. वर्ष-दीड वर्षात जुना बुंधा लाकडासारखा झाला की तो उपटायचा, तोवर ही भरलेली असतात.