पत्रावरची तारीख, शिक्क्यावरची तारीख

‘आजीने हाताने लिहिलेली आमंत्रणं लग्न होऊन गेल्यावर पोचतात, अशी कथा लिहितोय. पण पत्रं पोचली की पुढे काही घडतच नाही. घरच्यांनी करायचं तरी काय?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उशीर पोस्टावर ढकललात की कथा तिथेच संपते, कारण घरातल्या कुणालाच काही निस्तरावं लागत नाही. चूक घरातच हवी, आणि पाकीट पाहून ती उघड व्हायला हवी.

समजा, लग्न २४ मेचं. आजीने रोज चार याप्रमाणे दहा दिवसांत चाळीस पत्रं लिहिली, २२ एप्रिल ते १ मे. प्रत्येकावर लिहिल्या दिवसाची तारीख घातली. गठ्ठा नातवाकडे टाकायला दिला, तो त्याच्या बॅगेत तसाच राहिला. २२ मेला आठवण झाली तेव्हा त्याने कुणाला न सांगता तो पेटीत टाकला. पाकिटावर शिक्का बसला २२ मेचा, आत तारीख बहुतेक पत्रांवर एप्रिलची. दोन्हींमधला हा तीन-चार आठवड्यांचा फरक वाचकाला दिसला की नातवाला वेगळी कबुली द्यायला लावायची गरज नाही.

आता चाळीसच्या चाळीस माणसं लग्नाला आली नाहीत, हे कुणाला पटणार? चौतीस जणांना फोन गेलेच असतील. ते येतात, आणि नंतर हाती पडलेल्या पत्राची त्यांना गंमतच वाटते. उरलेल्या सहा जणांचे नंबर कुणाकडेच नाहीत, पत्ते फक्त आजीच्या वहीत. तुमची कथा या सहांची. मांडवात आजी एकदाच विचारते, ‘ती नाही का आली?’, आणि नातू उत्तर द्यायचं टाळतो. एवढं पुरे. दोनदा विचारलं की रडगाणं सुरू होतं.

घरचे आधी लपवायला बघतील, माणसं तशीच वागतात. पण पत्राखाली आजीने आपला घरचा नंबर लिहिलेला असतो. सहांपैकी एक मैत्रीण फोन करते, तो आजीच उचलते, आणि पलीकडून शिक्क्यावरची तारीख वाचून दाखवली जाते. आजीला हे नातवाकडून कळलं असतं तर प्रसंग मवाळ झाला असता.

मग सहा नवी पत्रं. आजी सांगते, नातू लिहितो. माफीचं वाक्य तो ‘पोस्टात उशीर झाला’ असं सुरू करतो आणि आजी त्याला ते खोडायला लावते. कोरा कागद मात्र देत नाही. खाडाखोडीसकटच पत्र जातं. रागवायचं काम त्या खोडलेल्या ओळीवर सोपवा, आजीच्या तोंडी एकही शब्द घालू नका.

सहाही जण पुढे भेटायला आले असं कृपा करून लिहू नका. एक-दोन उत्तरं येऊ द्यात, एखादं पाकीट ‘पत्त्यावर राहत नाहीत’ म्हणून परत येऊ द्यात.