कपाटाचा कोपरा आणि चार आकडे

तीन दरवाजांचं एक कपाट आमच्या घरात उभं राहायला दोन महिने लागले. त्यातला बहुतेक वेळ गेला तो मी दारात उभ्या उभ्या चार आकडे सांगून टाकले म्हणून. ते चार आकडे म्हणजे ओटीपी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई येणार, तिच्या मुलांचे कपडे ठेवायला जागा हवी, म्हणून बायकोने ऑनलाइन कपाट पसंत केलं. साडेचोवीस हजारांचं, पाच खोक्यांत सुटं येणारं, घरी येऊन जोडून देणार असं लिहिलेलं. ऑर्डर, पैसे, भिवंडीहून निघालं, जळगावला पोचलं, इथपर्यंत सगळं ठीक. मग मेसेज आला की उद्या सकाळी ९ ते रात्री ८ या वेळात गाडी येईल. अकरा तासांत कधीही. मी पतपेढीत नोकरीला, एक किरकोळ रजा टाकली आणि घरी बसलो.

गाडी आली पावणेतीनला. अमळनेरचं एप्रिलअखेरचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. ड्रायव्हर आणि हेल्पर घामाने निथळत होते, अजून धरणगावला दोन ठिकाणी जायचं होतं. खोकी पटापट ओट्यावर आली. ३/५ लिहिलेल्या लांब खोक्याचा एक कोपरा आत दबला होता, पुठ्ठा चुरगळून त्यावर नवी टेप मारलेली होती. मी म्हटलं, हे उघडून बघू. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, उघडायची परवानगी नाही आम्हाला. जोडणारा येईल ना, तो उघडेल. काही निघालं तर कंपनी बदलून देते. ओटीपी सांगा, उशीर होतोय."

मला त्याची दया आली. आईने त्यांना माठातलं पाणी दिलं आणि मी ओटीपी दिला.

जोडणारा चौथ्या दिवशी आला. मुलगा वागायला चांगला होता, पण त्याला त्या दिवशी तीन घरं करायची होती. ३/५ खोक्यातून कपाटाची डावी बाजू निघाली आणि तिचा वरचा कोपरा भाकरीच्या कडेसारखा तुटलेला. तुकडा अंगठ्याएवढा. आई म्हणाली, "हाई काय शे?" मुलगा म्हणाला, "वरच्या बाजूला आहे काकू, दिसणार नाही." आणि त्याने कामाला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं नाही, ही माझी दुसरी चूक.

दिसणं न दिसणं हा मुद्दाच नव्हता, हे मला नंतर कळलं. ही कपाटं पार्टिकल बोर्डाची असतात, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली फळी, वरून लॅमिनेट. दोन फळ्या काटकोनात धरून ठेवायला गोल कॅम-लॉक असतो, रुपयाच्या नाण्याहून लहान. एका फळीतून बोल्ट येतो, दुसऱ्या फळीतल्या भोकात हा लॉक बसतो, स्क्रू-ड्रायव्हरने अर्धा वेढा फिरवला की बोल्टला ओढून घेतो. हे भोक फळीच्या कडेपासून साधारण तीन सेंटिमीटरवर असतं. म्हणजे कोपरा फुटला की ज्या भुश्यावर सगळी ओढ येणार तोच भुसा आधी सुटलेला असतो. लॅमिनेटवर मधोमध ओरखडा असेल तर फक्त दिसायला वाईट. कोपऱ्यापासून चार बोटांच्या आत काहीही दबलेलं असेल तर ते कपाट आज ना उद्या वाकणार.

आमच्याकडे ते तिथल्या तिथेच झालं. त्या पोराने हाताने फिरवायचा लॉक ड्रिल मशीनला बिट लावून फिरवला. कर्रकन आवाज आला, भोकातून बारीक भुसा खाली पडला आणि लॉक फिरतच राहिला. (तुमच्याकडे जोडणी चालू असताना जमिनीवर भुसा दिसला तर तिथेच काम थांबवा. भोकं कारखान्यातून पाडून येतात, कॅम-लॉक बसवताना भुसा पडायचं काही कारण नाही.) मग तो म्हणाला, "साहेब, हे डॅमेज मटेरियल आहे, तुम्ही कंपनीला सांगा," आणि अर्धं कपाट हॉलमध्ये आडवं ठेवून गेला.

इथून पुढे खरा छळ सुरू झाला. कस्टमर केअरची पहिली बाई म्हणाली, डिलिव्हरी चांगल्या स्थितीत मिळाली म्हणून ओटीपी दिला गेलाय, सिस्टिममध्ये तसं दिसतंय. म्हणजे मी ओटीपी दिला तो 'माल पोचला' म्हणून, आणि त्यांनी वाचला तो 'माल चांगला आहे' म्हणून. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस म्हणाला, जोडताना तुटलं असेल तर ते जोडणी विभागाकडे. जोडणी विभाग म्हणाला, आमच्या माणसाने 'आधीच तुटलेलं' असं लिहिलंय, म्हणजे वाहतुकीत तुटलं. वाहतूकवाल्यांचा जळगावचा नंबर म्हणाला, पार्सलवर शेरा नाही, आम्ही काय करणार. प्रत्येक जण फोटो मागायचा. फोटो होते, पण सगळे जोडायला सुरुवात झाल्यानंतरचे. दबलेल्या खोक्याचा, ते ओट्यावर असतानाचा, एकही नाही.

आठ दिवस हे चाललं. ताई आली, झोके बांधले, पुरणपोळ्या झाल्या, आणि हॉलमध्ये कपाटाचं मढं आडवं. पोरं त्यावरून उड्या मारायची. भाऊजी दोनदा म्हणाले, आपल्या गावातल्या मिस्त्रीकडून करून घेतलं असतं तर. मी ऐकून घेतलं.

शेवटी सुटलं ते फोनमुळे नाही, लिहिण्यामुळे. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत ग्राहक संरक्षण कायद्याखाली. त्यात प्रत्येक अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. साइटच्या तळाशी बारीक अक्षरात तो पत्ता मिळाला. मी एकाच मेलमध्ये तारखेवार लिहिलं: कधी खोकं आलं, कोपरा दबला होता, ड्रायव्हरने उघडू दिलं नाही, जोडणाऱ्याने स्वतः 'आधीच तुटलेलं' लिहिलंय. हे शेवटचं वाक्य कामाला आलं, कारण ते त्यांच्याच माणसाचं होतं. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे, तेही लिहिलं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवून तो नंबर मेलमध्ये टाकला. तिसऱ्या दिवशी फोन आला, अतिशय गोड आवाजात. पूर्ण संच बदलून देऊ.

एक अट होती. जुना माल मूळ खोक्यांत भरून द्यायचा. खोकी आईने आखाजीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला देऊन टाकली होती. त्यावर आणखी तीन मेल गेले.

बदली माल जूनमध्ये आला, पहिली वादळं होऊन गेल्यावर. यावेळी मी तयार होतो. मोबाईल हातात, मोजायची टेप खिशात, आणि ओटीपी बायकोच्या फोनवर. ती आत. ड्रायव्हर दुसराच होता. आधी मी गाडीतच खोक्यांचे फोटो काढले, मग १/५ ते ५/५ मोजली. २/५ च्या पुठ्ठ्यावर पाणी वाळल्याच्या लाटा होत्या आणि लेबलची शाई पसरली होती. हात लावला तर कोरडं. ड्रायव्हरही म्हणाला, कोरडंच आहे की. पण पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्याला की फुगतो, आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. उघडायची परवानगी नाही हे वाक्य परत आलं. मी म्हटलं, हरकत नाही, मग ओटीपी नाही. पाच मिनिटं तो फोनवर कोणाशी तरी बोलला आणि म्हणाला, एक टोक उघडून बघा.

टोक उघडलं. फळीची कडा टेपने मोजली. सूचनापत्रात १८ मिलिमीटर जाडी लिहिलेली, वरच्या भागात तेवढीच भरली, खालच्या कोपऱ्याला २१. कडेची पट्टी सुटायला लागली होती.

मग त्याने तो प्रस्ताव ठेवला, ज्याला मी एप्रिलमध्ये नक्की हो म्हटलं असतं. "चार खोकी ठेवून घ्या, हे एक मी परत नेतो, बदलून येईल." ऐकायला समजूतदार वाटतं. पण पाच खोक्यांना ओटीपी एकच होता. तो दिला की सिस्टिममध्ये पाचही पोचली. मी पाचही परत पाठवली. त्याच्या कागदावर 'माल तपासून घेऊ' वगैरे मोघम न लिहिता लिहिलं: खोकं २/५ भिजलेलं, फळी फुगून २१ मिमी, म्हणून पूर्ण माल नाकारला, तारीख, वेळ. त्याची सही घेतली, कागदाचा फोटो काढला.

आणि बरं झालं काढला. गाडी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत मेसेज आला: 'ग्राहक उपलब्ध नसल्याने डिलिव्हरी होऊ शकली नाही.' ड्रायव्हरवर माझा राग नाही, परत आणलेल्या मालाचा हिशोब त्याला द्यावा लागत असेल. पण तो शेरा तसाच राहिला असता तर आम्हीच दार उघडलं नाही असं झालं असतं. दहा मिनिटांत सहीच्या कागदाचा फोटो त्याच जुन्या मेलला जोडून पाठवला.

तिसऱ्यांदा सगळं नीट आलं. जोडणारा वयस्कर गृहस्थ होता. त्याने आधी पाचही खोकी उघडली, पुठ्ठे जमिनीवर पसरून त्यावर फळ्या मांडल्या, स्क्रूच्या पिशव्या कागदाशी ताडून पाहिल्या आणि मगच पहिला बोल्ट घातला. लॉक हाताने. मग माळ्याकडे बघून त्याने मला टेप मागितली.

हे मी ऑर्डर करतानाच बघायला हवं होतं. कपाट २०८ सेंटिमीटर उंच, आमच्या माळ्याची खालची बाजू २१३ वर. बसतंय म्हणून मी खूश होतो. पण ही कपाटं आडवी जोडून मग उभी करतात, आणि उभं होताना ते तिरकं असतं. तिरकस माप २१५ येतं, कारण कपाटाची खोली ५५ सेंटिमीटर आहे. माळ्याखाली उभं करायला गेलो असतो तर नवाकोरा कोपरा स्लॅबवर आदळला असता. काकांनी ते हॉलमध्ये जोडून तिथेच उभं केलं, आणि दोघांनी खालून धरून, न घसटता, आत नेलं. घसटत नेलं की पायाकडचे जोड ढिले होतात, म्हणाले.

जाताना त्यांनी दोन तिरक्या मापांची दोरी लावून दाखवली. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे कपाट काटकोनात. तोवर मी कागदावर सही केली नव्हती, आणि त्यांनीही मागितली नव्हती.

खोकी यावेळी माळ्यावर ठेवली आहेत. बदलून द्यायची मुदत संपायला अजून चार दिवस आहेत आणि आई रोज विचारते, भंगारवाल्याला कधी हाक मारू.